सी विंग ३०२ मधल्या गोचिडी

मृणाल (सी-३०२): ब्रूनोला डॉक्टरांनी गोचिडींची गोळी देऊन आठवडा झाला. त्याचं अंग स्वच्छ आहे, पण आज हॉलच्या पडद्याच्या वरच्या शिवणीत पाच-सहा सापडल्या. खिडकीच्या चौकटीशी प्लास्टर तडकलंय, तिथूनही बाहेर येताहेत. 😖

सावंत (सी-४०२): आमच्या दाराच्या उंबऱ्याशी परवा एक दिसली होती. कुत्र्याला महिनाभर गावी पाठवा ना, आपोआप मरतील.

पोळकाका (ए-१०१): सावंत, तसं अजिबात नको. निवृत्त झालो तरी जनावरांचा डॉक्टरच आहे, जरा ऐका. ही तपकिरी गोचीड जन्मात तीन वेळा रक्त पिते, आणि दर वेळी पोट भरलं की कुत्र्यावरून उतरते. कात टाकायला आणि अंडी घालायला तिला कोरडी, अरुंद फट लागते. शिवाय तिला वर चढायची सवय, म्हणून ती पेल्मेटमागे, पडद्याच्या चुण्यांत, छताच्या कडेला सापडते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त घरात असतात. मोठी गोचीड उपाशी कित्येक महिने जगते. ब्रूनो गेला तर त्या वाट पाहत बसतील, किंवा माणसाला चावतील.

पोळकाका (ए-१०१): उलट गोळी दिलेला ब्रूनो घरातच हवा. गोळीने गोचीड पळत नाही, त्याला चावली की साधारण दिवसभरात मरते. म्हणजे भिंतीतून जी भुकेली बाहेर येईल ती त्याच्यावर चढून संपेल. त्यामुळे अंगावर एखादी दिसली तर गोळी फुकट गेली असं समजू नका. फक्त पुढच्या गोळीची तारीख चुकवू नका. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही १२ आठवडे.

मृणाल (सी-३०२): काका, गेल्याच महिन्यात वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांकडून पेस्ट कंट्रोल झालंय. तरी?

पोळकाका (ए-१०१): जेल लावलं ना, किचनच्या बिजागऱ्यांना? ते झुरळांचं. ते खायचं आमिष असतं आणि गोचीड रक्ताशिवाय काही घेत नाही. फिनेलने फरशी पुसूनही फटीतली मरत नाही. तुम्हाला फटींत फवारणी लागेल, आणि तीही एकदा करून भागणार नाही. फुगलेली मादी भिजवलेल्या वाटाण्याएवढी, राखाडी दिसते. ती फटीत दोन-चार हजार अंडी घालून मरते. फवारणीने अंडी सहसा मरत नाहीत आणि आपल्याकडच्या उकाड्यात साधारण तीन आठवड्यांत फुटतात. म्हणून दुसरी फवारणी दोन ते तीन आठवड्यांनी. त्यानंतरही भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे चालते ठिपके दिसले, तर तिसरी.

अनघा (बी-५०३): पडद्यांचं काय करायचं? टाकूनच द्यायचे?

पोळकाका (ए-१०१): टाकायची गरज नाही. झटकू मात्र नका, त्याच खोलीत पिशवीत घालून तोंड बांधा. मशीनमध्ये ६० डिग्रीवर धुवा. गार पाण्याने त्या नीट मरत नाहीत. गरम पाणी न चालणारा कपडा असेल तर ड्रायक्लीनला द्या, पण पिशवी बांधूनच आणि आधी सांगून. पडदे काढल्यावर रॉडचे ब्रॅकेट, पेल्मेटची मागची बाजू, स्कर्टिंग आणि पलंगाचे सांधे व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाने ओढून घ्या. पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. मशीनमध्ये राहिल्या तर परत बाहेर येतात. भिंतीवर बारीक पिल्लं दिसली तर रुंद सेलोटेपने उचला, झाडूने पसरतात. मोठी गोचीड बोटांनी चिरडायची नाही, चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाका. भेगा बुजवायच्या त्या फवारणीनंतर, व्हाइट सिमेंटने. आणि रॉकेल, काडी असले उद्योग कोणी करू नका!

सावंत (सी-४०२): आम्हाला आजारबिजार होत नाही ना?

पोळकाका (ए-१०१): क्वचित होतो. गोचीड चावल्यावर ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. कुत्र्याला धोका जास्त. मृणाल, ब्रूनो खायचा बंद झाला, मलूल दिसला किंवा हिरड्या फिकट वाटल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

सेक्रेटरी (बी-२०१): घोडबंदरच्या एजन्सीशी बोललो. रविवारी ११ वाजता सी-३०२, सी-४०२, सी विंगचा जिना आणि पार्किंगच्या भिंतीची कड. दुसरी फेरी त्यानंतर १८ दिवसांनी, दोन्हीचे पैसे एकत्र ठरवलेत. पार्किंगमधल्या कुत्र्यांनाही औषध द्यावं लागेल, नाहीतर हे पुन्हा आहेच. काका, तुम्ही बघाल का?

पोळकाका (ए-१०१): बघतो. त्यांना जे खायला घालतात त्यांनी शनिवारी खाली या, कुत्री तुमच्याच हातून खातील.

अनघा (बी-५०३): आमची मनी दिवसभर सी विंगमध्येच असते. 🙈

पोळकाका (ए-१०१): रविवारी तिला घरात कोंडा, जिना पूर्ण वाळेपर्यंत. आणि कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, मांजर दगावतं.

सावंत (सी-४०२): आमच्याकडे फिश टँक आहे.

पोळकाका (ए-१०१): मग तो आधी शेजारी हलवा. ही फवारणी माशांना फार विषारी. हलत नसेल तर हवेचा पंप बंद करून टाकी प्लास्टिकने घट्ट झाका, त्या खोलीत फवारू देऊ नका, आणि फवारणाऱ्याला दारातच सांगा.