टाळी वाजवली की खोलीत टिर्रर्र होतं, मदत हवी (परभणी)

सोयाबीनवाली: पेरणी-फवारणीच्या माहितीचे ऑडिओ मी घरातच रेकॉर्ड करते. खोली १० बाय १२ फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंतींना ऑइल पेंट. सामान म्हणजे टेबल अन् खुर्ची. हेडफोनवर 'ट', 'च' नंतर बारीक टिर्रर्र येतं. मुलानं टाळी वाजवली तरी तेच. माईक बदलून बघितला, पैसे वाया गेले.

बाळू_साउंड: रिकाम्या खोलीचा घुमारा आहे ताई. भिंतभर अंड्याचे ट्रे चिकटवा, स्वस्तात होतं.

जुनाटेपवाला: खोली रिकामी आहे हे बाळूचं बरोबर, पण ट्रे नकोत. पातळ पुठ्ठा फार काही शोषत नाही, वर पेट घेतो. ताई, तुमचा आवाज समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींत चेंडूसारखा ये-जा करतोय. भिंतींत १० फूट अंतर असेल तर सेकंदाला साधारण ५६ फेऱ्या होतात, म्हणून एकेक टाळी सुटी न ऐकू येता टिर्रर्र होतं.

आधी जोडी शोधा. पंखा बंद करा, बोलता त्या जागी तोंडाच्या उंचीवर एकच कोरडी टाळी वाजवा. मग मुलाला जाड वाकळ एका भिंतीपुढं पसरून धरायला लावा अन् पुन्हा वाजवा. टिर्रर्र गेलं तर तीच जोडी. नाही गेलं तर शेजारची भिंत घ्या.

नांदेडकर_७: आमच्या शेजारी लग्नसराईत डीजे वाजतो. वाकळ लावली तर थांबेल का?

जुनाटेपवाला: नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत लागते अन् दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. वेगळा धागा काढा.

सोयाबीनवाली: सापडलं! १२ फुटी भिंतीपुढं वाकळ धरली की टाळी एकदम 'टप' अशी कोरडी. आखूड भिंतीपुढं धरली तर काहीच फरक नाही. मग दोन्ही लांब भिंती झाकू का?

जुनाटेपवाला: गरज नाही. २ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटी करा, आत दोन इंच रॉकवूल म्हणजे दगडी तंतूंची लोकर, वरून सुती कापड. भरताना हातमोजे अन् मास्क घाला, लई खाजतं. बसल्यावर तोंड येतं त्या उंचीला एका भिंतीवर दोन, समोरच्या भिंतीवर एक, तीही थोडी सरकवून. उघड्या तुकड्यासमोर उघडा तुकडा येऊ नये, एवढं बघा. मागं दोन इंच जागा सोडली तर आणखी खालचे सूर शोषले जातील.

बाळू_साउंड: आमच्या हॉलला ट्रेनं फरक पडला होता बरं का.

जुनाटेपवाला: हॉलमध्ये तेव्हा गालिचा अन् सोफे होते का, तेही सांग.

सोयाबीनवाली: सध्या दोरीवर दोन वाकळी टांगल्यात. टिर्रर्र गेलं. उभं राहून टाळी वाजवली तर थोडंसं उरतं, स्लॅब-फरशीचं असेल. अन् 'ओ' लांबवला की खोली अजून हूंऽ करते.

जुनाटेपवाला: उरलेल्याला टेबलाखाली जाड सतरंजी टाकून बघा. पण ते हूंऽ जाड सुरांचं आहे, ते दोन इंचानं जात नाही. टेबल कोपऱ्यात आहे का?

सोयाबीनवाली: हो, कोपऱ्यातच. प्लगच तिथं एक आहे.