पंपिंग ६० टक्के, मग हार्ट फेल्युअर कसलं?

माळकरी:
हल्ली ज्याला त्याला वजनाची इंजेक्शनं. आता म्हणे बीपीला आणि हार्ट फेल्युअरलाही चालतात. आमच्या आत्याचं इकोमध्ये पंपिंग ६० टक्के आलं, तरी डॉक्टर म्हणतात हार्ट फेल्युअर आहे, टिर्झेपटाइड घ्या. पंपिंग नॉर्मल असताना फेल्युअर कसलं? भात बंद करा, चाला, बीपी आपोआप उतरेल. सगळा कंपन्यांचा धंदा आहे.

इकोवाली:
मी रोज टूडी इको करते आणि हे वाक्य रोज ऐकते, म्हणून आज सविस्तर लिहिते. ६० टक्के म्हणजे हृदयात जेवढं रक्त भरलं त्यातलं किती बाहेर फेकलं गेलं. रक्त भरताना हृदय किती सैल झालं, हे तो आकडा सांगत नाही. तुमच्या आत्यांसारख्या रुग्णांत हृदय आवळतं छान, पण सैल पडत नाही. ताठ झालेल्या कप्प्यात रक्त शिरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि जिन्याच्या दुसऱ्याच टप्प्यावर धाप लागते. पलंगावर निवांत झोपवून केलेल्या इकोत हे सहज निसटतं. हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तातली एनटी-प्रोबीएनपी तपासणीही लठ्ठ माणसात खोटी कमी येते. मग रिपोर्टवर 'हृदय नॉर्मल' आणि घरी बाई उशांना टेकून बसून रात्र काढतेय.

परवाचीच एक केस सांगते. वय ६१, उंची १५४ सेंमी, वजन ९१ किलो, म्हणजे बीएमआय ३८. बीपीच्या दोन गोळ्या चालू, पंपिंग ६२. आम्ही गुण मोजतो ते असे: बीएमआय तिशीच्या वर म्हणून २, दोन बीपीच्या गोळ्या म्हणून १, वय साठीच्या वर म्हणून १, इकोत भरण्याचा दाब दाखवणारं गुणोत्तर १४ आलं म्हणून आणखी १. नऊपैकी पाच. पंपिंग ६२ असूनही संशय भक्कम. दोन वर्षं तिला 'वजनामुळे धाप लागते' एवढंच सांगितलं गेलं होतं.

आता इंजेक्शनचं. २०२३ साली अशाच लठ्ठ रुग्णांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली, ५२९ जण, एक वर्ष. वजन १३ टक्के उतरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहा मिनिटांत ते सरासरी २१ मीटर जास्त चालले, खोटं इंजेक्शन घेणारे जेमतेम एक मीटर. पुढच्या वर्षी टिर्झेपटाइडची ७३१ जणांची चाचणी आली. सुमारे दोन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा फेल्युअर बळावणं, यांपैकी काही एक घडलेले खोट्या इंजेक्शनच्या गटात ५६ आणि औषधाच्या गटात ३६. याला धंदा म्हणायचं असेल तर आकडे कुठे चुकले ते सांगा.

माळकरी:
'किंवा' शब्दात सगळं लपवलंय. नुसते मृत्यू किती ते सांगा.

इकोवाली:
सांगते. हृदयविकाराने औषधाच्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ५. आकडे इतके लहान आहेत की औषधाने मृत्यू वाढले असं म्हणता येत नाही, पण कमी झाले असंही म्हणता येत नाही. सगळा फरक फेल्युअर बळावण्यात पडला. या आजारात इंजेक्शनने आयुष्य वाढतं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

सातारी:
मृत्यूचं काय घेऊन बसलात, सेमाग्लुटाइडची सतरा हजार माणसांची चाचणी झालीये, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वीस टक्के कमी झाले. ते जाऊ दे. इंजेक्शन आयुष्यभर घेत बसण्यापेक्षा ऑपरेशन केव्हाही बरं. माझ्या थोरल्या भावाने चार वर्षांपूर्वी बायपास केली, हृदयाची नव्हे, जठराची. बीपीच्या तीन गोळ्या होत्या, महिन्यात सगळ्या बंद. एकदा ऑपरेशन झालं की बीपीचा विषय कायमचा संपतो.

इकोवाली:
अर्धं बरोबर. ती मोठी चाचणी ज्यांना आधीच हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेला होता अशांवर होती. वीस टक्के म्हणजे शंभरात आठ जणांऐवजी साडेसहा. आत्यांना अटॅक आलेला नसेल तर तो आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नका.

ऑपरेशनने बीपी खरंच जोरात उतरतं. ब्राझीलमध्ये शंभर जणांवर नीट चाचणी झाली, निम्म्यांची जठराची बायपास आणि निम्म्यांना फक्त गोळ्या. पाच वर्षांनी ऑपरेशनवाल्यांपैकी सुमारे ४७ टक्के गोळीशिवाय नॉर्मल होते, दुसऱ्या गटात दोन-अडीच टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांचा विषय कायमचा संपला नव्हता. भावाचं चौथं वर्ष आहे ना? त्यांनी शेवटचं बीपी कधी मोजलं?

सातारी:
मोजत नाही. गोळ्याच नाहीत तर मोजायचं कशाला.

नेत्रा_पु:
तुमचे टक्के आणि मीटर वाचून डोकं फिरलं. माझी आई याच इंजेक्शनवर होती. तिसऱ्या महिन्यात डोस वाढवला, चार दिवस उलट्या, पाणीसुद्धा पोटात ठरेना. आणि बीपीची गोळी, पाय सुजतात म्हणून दिलेली लघवीची गोळी, दोन्ही पूर्वीच्याच डोसात चालू. पहाटे बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. अ‍ॅडमिट केल्यावर उभं करून बीपी पाहिलं तर वरचं ८८, किडनीचं क्रिएटिनिन ०.९ वरून १.८. ज्या दवाखान्याने इंजेक्शन सुरू केलं त्यांनी तीन महिन्यांत एकदाही गोळ्यांची चिठ्ठी मागितली नाही. हे तुमच्या कुठल्या चाचणीत लिहिलंय?

इकोवाली:
नेत्राताई, आईंचं मनगट आता कसं आहे? तुमचा राग अगदी रास्त आहे, ही चूक मी वारंवार पाहते. वजन आणि अंगातलं पाणी उतरू लागलं की जुना डोस जास्त पडतो. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांतही औषध घेणाऱ्यांची लघवीची गोळी सरासरी सतरा टक्के कमी झाली, कारण तिथे कोणी तरी ती पाहून कमी करत होतं. घरी ते कोण करणार? मी म्हणते, डोस वाढवताना दर वेळी बसून आणि मग उभं राहून बीपी घ्यावं. उभं राहिल्यावर वरचं वीसने पडलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कुठली गोळी कमी करायची ते विचारावं. उलट्या चालू असतील आणि खाणंपिणं थांबलं असेल तर लघवीची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हेही आधीच लिहून मागावं. हे इंजेक्शनच्याच चिठ्ठीवर हवं.

मोजमाप:
बीपी कुठल्या पट्ट्याने घेता? कुणीच विचारलं नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर, चुकीच्या मापाने मला झोप येत नाही. आमच्या कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये एकच पट्टा आहे, दंड केळीच्या खांबासारखा असो की काडीसारखा. जाड दंडाला छोटा पट्टा आवळला की बीपी खोटं जास्त दिसतं.

सातारी:
दोन-चार आकड्यांचा फरक पडत असेल. उगाच फाटे फोडू नका.

मोजमाप:
दोन-चार? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२३ मध्ये १९५ जणांवर मोजून दाखवलं. ज्यांना सर्वात मोठा पट्टा हवा होता, त्यांना नेहमीचा बांधल्यावर वरचं सरासरी १९.५ ने जास्त आलं. १३० चं दीडशे झालं! माझ्या काकांना यापायी तिसरी गोळी लावली होती.

इकोवाली:
हे मला मान्य करावंच लागेल. आमच्याकडेही मोठा पट्टा कपाटात असतो आणि घाईत कुणी काढत नाही.

मोजमाप:
मग पुढचं ऐका. समजा दंड ४१ सेंमीचा, नेहमीच्या पट्ट्यावर वरचं १५०. इंजेक्शनने पंधरा किलो उतरले, दंड ३५ वर आला, पट्टा तोच, आता १३२. लोक पेढे वाटणार. पण त्या अठरातले कितीतरी पट्ट्याचेच! आधी खरं १३० च्या आसपास असेल तर उतरलं काय? म्हणून मला तुमच्या सगळ्या 'बीपी उतरलं'वर शंका आहे.

इकोवाली:
घरच्या वहीपुरती शंका योग्य आहे. चाचण्यांना ती सरसकट लावू नका, ब्राझीलच्या चाचणीत चोवीस तास बीपी मोजणारं यंत्रही बांधलं होतं. शिवाय टिर्झेपटाइडच्या त्या फेल्युअरच्या चाचणीत वरचं बीपी दुसऱ्या गटाच्या तुलनेत पाचेकने उतरलं, अठराने नव्हे. धाप कमी झाली ती एकट्या बीपीमुळे नाही. हृदयाभोवतीची चरबी, अंगात साठलेलं पाणी, सूज दाखवणारी रक्तातली प्रथिनं, सगळंच एकत्र उतरतं. त्यातलं नेमकं कशाने किती, हे अजून वेगळं काढता आलेलं नाही.

मोजमाप:
चाचण्यांचं ठीक. वहीचं मात्र मी सोडणार नाही. दंड मोजल्याशिवाय पहिलं रीडिंग लिहूच नये आणि वजन दहा किलो उतरलं की परत मोजावा.

माळकरी:
पट्ट्यावरून कुठे पोचलात. माझा मूळ मुद्दा पैशाचा होता. महिन्याला हजारो रुपये, तेही जन्मभर. बंद केलं तर?

इकोवाली:
बंद केलं तर बहुतेकांचं वजन परत येतं. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, बीपीही जवळपास मूळ जागी गेलं. पैशाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळत नाही. म्हणूनच विचारते, आत्यांना डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का? या आजारात फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट व्हायची वेळ या गोळ्यांनी कमी येते, हे हजारो रुग्णांवर सिद्ध झालंय, आणि त्या इंजेक्शनच्या मानाने फारच स्वस्त आहेत. ती गोळी न देता कुणी थेट इंजेक्शनवर गेलं असेल तर तुमच्या बाजूने मी भांडेन. आणि आत्यांचा बीएमआय तिशीच्या खाली असेल तर इंजेक्शनचे हे आकडे त्यांचे नाहीतच, फेल्युअरच्या त्या दोन्ही चाचण्यांत तिशीच्या वरचेच लोक होते. आपल्याकडे २६-२७ वर पोट सुटलेले आणि धापा टाकणारे कितीतरी जण येतात. त्यांना काय सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

नेत्रा_पु:
मनगट जुळलं. आईने इंजेक्शन पुन्हा घ्यायला ठाम नकार दिलाय. दोन जिने चढायला लागली होती हे मात्र खरं, आता परत एकावर थांबते. मी तिला आग्रह करणार नाही.

माळकरी:
आत्याचा दंड टेपने मोजला, ३९ सेंमी. घरच्या मशीनच्या पट्ट्यावर २२ ते ३२ छापलंय. बीएमआय ३६. चिठ्ठीत डापा काही दिसत नाही. इंजेक्शनबद्दल माझं मत तेच आहे, पण सोमवारी जाताना चिठ्ठी आणि टेप दोन्ही नेतो.

मोजमाप:
पट्टा बदलून आधी आठवडाभर लिहा, सकाळ-संध्याकाळ, बसून आणि उभं राहून. सोमवारची घाई करू नका.

इकोवाली:
पट्टा बदला, पण सोमवार चुकवू नका. धाप लागतेय ती पट्ट्यामुळे नाही.