मदत हवी आहे: बचत गटाचं लोणच्याचं पान बंद झालंय, हे पत्र चालेल का?

देवगडची_ताई
नमस्कार. आमचा देवगड तालुक्यातला बचत गट कैरीचं आणि करवंदाचं लोणचं करतो. मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी समाजमाध्यमावरच्या आमच्या पानावरून येतात. मंगळवारपासून ते पान कुणालाच दिसत नाहीये. इकडे अडकित्त्याने फोडलेल्या कैऱ्या मीठ-हळद लावून पिंपात तयार आहेत, मोहरीची डाळ येऊन पडलीय आणि गिऱ्हाईक विचारतंय, दुकान बंद केलंत का?
लॉगिन केलं की 'खात्यावरचं नाव आणि ओळख पटवा' असं येतं. खातं गटाच्याच नावाने काढलेलं आहे. गटाचं आधार कार्ड कुठून आणू? मी पत्र लिहिलंय, बघून सांगा:

"महोदय, आम्ही खेड्यातल्या कष्टकरी महिला आहोत. आमच्या लोणच्याला तालुक्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आहे. काही कारण नसताना पान बंद करून आमच्या पोटावर पाय देऊ नये. लवकरात लवकर सुरू करावे ही विनंती."

मिरची_मसाला
ताई, सरळ १९३० ला फोन लावा, सायबर पोलीस बघतील. नाहीतर नवीन पान काढा, पाच मिनिटांचं काम.

वरवंटा
माझ्या लोणच्याला दर वर्षी वरून बुरशी धरते, तेल कमी पडतं का? तुम्ही किती घालता?

जुना_कारकून
१९३० हा ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर करायचा फोन आहे. इथे कुणी लुबाडलेलं नाही. आणि नवीन पान आत्ता काढू नका. त्याच फोनवरून, त्याच नंबरावरून काढलंत तर बंदी चुकवताय असं धरून तेही उडवतील.
ताई, अडचण लोणच्याची नाही, पानाचीही नाही. वैयक्तिक खातं माणसाच्या नावाचं असावं लागतं. तुमचं गटाच्या नावाचं, म्हणून ते खोटं खातं ठरलं. पान सांभाळणारं तेवढं एकच खातं असल्यामुळे पानही गेलं. पत्रात बक्षीस, कष्ट यांचा उपयोग नाही. तिकडे बसलेल्याला तीनच गोष्टी हव्यात: कुठलं खातं, खरा माणूस कोण, तुम्हाला नेमकं काय हवंय.

"माझं नाव अमुक. अमुक मोबाइल नंबरावरचं खातं मीच वापरते. मी बचत गटाची अध्यक्षा असल्याने ते गटाच्या नावाने उघडलं. सोबत माझं ओळखपत्र, मला अध्यक्षा नेमल्याचा गटाचा ठराव आणि गटाच्या बँक पासबुकाचं पहिलं पान जोडलं आहे. खात्यावरचं नाव बदलून माझं करावं आणि त्याला जोडलेलं पान पुन्हा सुरू करावं. नामंजूर केल्यास कुठल्या नियमाने, ते लेखी कळवावं."

खाली पानाचा पत्ता, बंद झाल्याची तारीख आणि स्क्रीनचा फोटो. आधी लॉगिनच्या पडद्यावरूनच अपील करा, मुदत तिथेच लिहिलेली असते. मग हेच पत्र कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर देणं त्यांना बंधनकारक आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि आता ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो. पोचेचा नंबर जपून ठेवा.

देवगडची_ताई
आणि ७ दिवसांनी 'नाही' म्हणाले तर?

जुना_कारकून
तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जायचं, gac.gov.in वर. सगळं ऑनलाइन, दिल्लीला जावं लागत नाही. पण तिथे आधीचा पत्रव्यवहार दाखवावा लागतो, म्हणून मेल हवाच. फोनवर बोललेलं धरत नाहीत.

मिरची_मसाला
मग सहा महिने लागणार. तोवर हंगाम संपला! नवीन पान नको, तर निदान फोनवर तरी ऑर्डरी घ्या.

जुना_कारकून
हे मात्र बरोबर. जुन्या कुरिअरच्या पावत्यांवर गिऱ्हाइकांचे नंबर असतीलच.

देवगडची_ताई
पावत्या आहेत डब्यात. एक अजून. काल एकाचा मेसेज आला, 'दोन हजार द्या, आलेला ओटीपी सांगा, पान रात्रीत सुरू करतो.' गटातल्या दोघी म्हणतात देऊन टाकूया.

जुना_कारकून
अजिबात नाही. तो ओटीपी सांगितलात तर खातं त्याच्या हातात. मग १९३० लागेलच.

देवगडची_ताई
नाही देत. पत्र आज रात्री लेकाकडून पाठवते. पण पुढच्या वर्षी अध्यक्षा बदलली तर नाव परत बदलायचं का?

जुना_कारकून
नाव नाही बदलायचं. पान परत मिळालं की सचिवांचंही स्वतःच्या नावाचं खातं त्याला जोडा, दोघींना सारखे अधिकार. जुने मेसेज आणि फोटो परत येतील का, ते मात्र कंपनीने काय जपून ठेवलंय त्यावर.

वरवंटा
माझ्या बुरशीचं कुणी सांगेल का?

देवगडची_ताई
वरवंटाताई, फोडींच्या वर बोटभर तेल उभं राहिलं पाहिजे, आणि ओला चमचा बरणीत घालू नका.