मदत हवी आहे: बुधवारी रात्री मटण खाल्लं की जळजळ, रविवारी दुपारी मात्र काहीच नाही

शाहूपुरीवाला
नमस्कार मंडळी. वय ४७, होलसेलचं दुकान आहे. शटर साडेनऊला खाली येतं, हिशेब आवरून घरी जेवायला साडेदहा आणि सव्वाअकराला अंथरुणात. बुधवारी रात्री मटण. तांबडा, पांढरा, भाकरी, वर भात. एकच्या सुमारास घशाशी आंबट पाणी येऊन जाग येते, पोट टम्म. रविवारी दुपारी हेच जेवण, उलट दोन घास जास्तच, पण जळजळ नाही, नुसतं पोट फुगतं. मग दोष मटणाला कसा द्यायचा? मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल आणून रात्री जेवल्यावर घेतो, फरक बेताचाच. जेवायची वेळ बदलून जमेल का, की डॉक्टरांना दाखवू?

रंकाळा_फेरी
भावा, झोपताना ग्लासभर थंड दूध घे, माझं जाग्यावर थांबतं. जेवल्यावर सोडा मार. ढेकर आला की पोट मोकळं.

जुना_ओपीडीवाला
दुधानं थोडा वेळ बरं वाटतं, मग ते पचवायला पोट परत ॲसिड सोडतं. सोड्यानं ताणलेलं पोट आणखी ताणतं आणि ढेकरेबरोबर ॲसिडही वर येतं.

शाहूपुरीवाले, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. रविवारी जेवून तुम्ही गप्पा मारत बसत असाल. बुधवारी पाऊण तासात आडवे होता. कटाचं, तेलातुपाचं जेवण पोटातून पुढं सरकायला तीन-चार तास सहज लागतात. पोट तट्ट भरलेलं असलं की अन्ननलिकेच्या तळाची झडप अधूनमधून सैल पडते. बसलेल्या माणसाचं ॲसिड बहुतेक खालीच राहतं, झोपलेल्याचं घशाकडं येतं.

म्हणून जेवण दुकानात आठला उरका. घरी गेल्यावर पुन्हा ताट नको. बुधवारचं मटण दुपारी खा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशा रचून भागत नाही, त्यानं पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवल्यावर घेतली तर तेवढी लागू पडत नाही. जेवण, झोप आणि त्रास, तिन्हींची वेळ वहीत लिहा.

कागलची_सून
आठला दुकानात डबा पोचवणार कोण, ते पण सांगा की! बाकी माझंही असंच होतं. रात्रीचं लवकर जेवायला लागले तरी तेलकट खाल्लं की तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत जायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. दादा, तुम्ही पण सोनोग्राफी करूनच घ्या.

जुना_ओपीडीवाला
ताई, तुमची कळ वेगळी. यांना उजवीकडं दुखत नाही, त्यामुळं लगेच सोनोग्राफी कशाला?

शाहूपुरीवाला
डबा सकाळीच नेतो वहिनी, आठला दुकानातच गरम करतो. मधल्या काळात बदल करून पाहिला. रात्रीची जाग जवळजवळ थांबली. एकदा लग्नाचं जेवण रात्री अकराला झालं तेव्हाच परत आंबट आलं. फुगणं मात्र तसंच आहे.

वही लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. माळ्यावर पोती चढवताना छातीच्या मधोमध जळजळतं, थांबलो की दोन-तीन मिनिटांत जातं. सकाळी उपाशीपोटीसुद्धा. हे पण पित्तच ना?

जुना_ओपीडीवाला
हे पित्त धरू नका. जेवणाशी जुळतं ते पोटाचं असू शकतं. कष्टानं येतं आणि थांबल्यावर जातं, ते आधी हृदयाचं समजायचं. उद्या सकाळी फिजिशियनकडं जा, तोवर पोती आणि जिने बंद. बसल्या जागी आलं, घाम फुटला, दम लागला, हात किंवा जबडा दुखला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी ‘चढताना येतं’ हे वाक्य डॉक्टरांना सांगाच, कारण तेवढ्यात ते दिसेलच असं नाही. साखर आहे का?

रंकाळा_फेरी
उगाच घाबरवू नका हो. गॅस छातीत चढतो, आमच्या आबांना कायम होतं.

जुना_ओपीडीवाला
पोती उचलल्यावर यायचं आणि खाली ठेवली की जायचं, असं वेळापत्रक गॅस पाळत नाही. आबांनाही एकदा तपासून घ्या.

करवीरकर७२
माझं वजन कमी होत चाललंय आणि घास छातीत अडकतो. मी पण आठला जेवायला लागू का?

जुना_ओपीडीवाला
तुम्ही वेळा बदलत बसू नका. घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, यातलं काहीही असलं की दुर्बिणीची तपासणी लागते. रक्त किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी जायचं. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

शाहूपुरीवाला
साखर आहे, गोळी चालू आहे. उद्या भावाला घेऊन जातो, तो गाडी चालवेल. फुगण्याचं राहिलंच की. संध्याकाळी दुकानात भिजवलेले हरभरे खातो, त्यानं होत असेल का?

कागलची_सून
हरभऱ्यानंच होणार! आणि तुम्ही गिऱ्हाईक सांभाळत भराभर गिळत असणार.

जुना_ओपीडीवाला
होऊ शकतं. आठवडाभर हरभरे सोडून बघा, तरी फुगलं तर रश्श्यातल्या कांद्याकडं वळू. पण ते सगळं उद्याच्या तपासणीनंतर.