मिरगीसाठी डावीच नस का?

"रक्त काढताना भाचीला भोवळ आली, डॉक्टर म्हणाले व्हेगस नस. मग त्याच नसेला वीज देऊन मिरगी कशी आवरतात? हृदय थांबणार नाही का?"

भाऊ, व्हेगस ही रक्ताची नस नाही, मेंदूपासून मान-छातीतून पोटापर्यंत जाणारा मज्जातंतू आहे. भोवळीत ती एकदम जोर करते, ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब पडतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी असलं की हे आणखी लवकर होतं. मिरगीसाठी मात्र मानेतली डावी नस निवडतात, कारण हृदयाची लय ठरवणाऱ्या गाठीकडे मुख्यतः उजवी जाते. या नसेतले बहुतेक तंतू पोट-आतड्यांसारख्या आतल्या अवयवांची खबर मेंदूकडे नेतात. तीच वाट इथे कामी येते. छातीत कातडीखाली बसवलेलं यंत्र या नसेला साधारण 30 सेकंद विजेची सौम्य स्पंदनं देतं, मग 5 मिनिटं थांबतं. तेवढ्यापुरता आवाज घोगरा होतो. झटके कमी होतात, पूर्ण थांबणं विरळाच, म्हणून गोळ्या बंद करू नका.