मदत हवी आहे: वडिलांच्या पाठीतून पाणी काढून चाचणी होणार आहे, काय मोजून ठेवू?

प्राजक्ता_क
बाबा 73 वर्षांचे. दीड वर्षापासून चाल बिघडली आहे. पाय फाकवून, घासत छोटी छोटी पावलं टाकतात. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, मागे वळायला सात-आठ पावलं लागतात. सहा महिन्यांपासून लघवीची घाई, बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले. हल्ली उत्तर द्यायला फार वेळ लावतात. पार्किन्सन समजून लेव्होडोपा सुरू केलं होतं, तीन महिन्यांत काडीचा फरक नाही. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये इव्हान्स इंडेक्स 0.37 आणि 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस?' असं आहे, म्हणजे दाब नॉर्मल असूनही मेंदूत पाणी साठणं. गुरुवारी पाठीतून पाणी काढून बघणार आहेत. त्यानंतर आम्ही नेमकं काय बघायचं?

दिगंबर_सांगली
आमच्या सासऱ्यांचं अगदी हेच. प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं, लघवीचा त्रास गेला. आधी यूरॉलॉजिस्टला दाखवा.

मज्जारज्जू
दिगंबरराव, प्रोस्टेट बघायलाच हवं, पण प्रोस्टेटने चाल बिघडत नाही. इथे चाल आधी गेली आणि लघवी मागून, हा क्रम महत्त्वाचा आहे.

प्राजक्ताताई, इव्हान्स इंडेक्स 0.3 च्या वर म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या, एवढंच. वयाने मेंदू आकसला तरी त्या मोठ्या दिसतात. म्हणून रेडिओलॉजिस्टना विचारा: डोक्याच्या माथ्याकडच्या वळ्यांमधल्या फटी दाटल्यात का, आणि कानशिलाजवळच्या मोठ्या फटी रुंद झाल्यात का? दोन्ही असेल तर संशय पक्का होतो. नुसत्या आकसलेल्या मेंदूत माथ्याकडच्या फटीही मोकळ्याच दिसतात.

आता गुरुवार. सपाट जागेत 10 मीटरवर चिकटपट्टी लावा. पाणी काढण्याआधी दोनदा चालवा, सेकंद आणि पावलं मोजा, बाजूने व्हिडिओ घ्या. खुर्चीतून उठून, 3 मीटर जाऊन, वळून परत बसायला किती वेळ लागतो तेही लिहा. चप्पल तीच, काठी तीच, हात धरणारा माणूसही तोच. 30 ते 50 मिलि पाणी काढतात. दोन-चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मोजा. उदाहरणार्थ, आधी 24 सेकंद आणि 34 पावलं लागली, नंतर 17 सेकंद आणि 25 पावलं, तर वेळ 29 टक्क्यांनी कमी झाला. हा खरा फरक. 24 चे 23 झाले तर तो धरू नका, तेवढं रोज मागेपुढे होतंच. स्मरणशक्ती एका दिवसात सुधारेल अशी अपेक्षाही नको.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.

नेने_अण्णा
पण दाब नॉर्मल असेल तर पाणी काढून काय साधणार? आणि चाचणीत फरक दिसला नाही म्हणजे शंट, मेंदूतलं पाणी पोटात नेणारी कायमची नळी, नकोच, असं माझ्या वाचनात आहे.

मज्जारज्जू
अण्णा, अर्धं बरोबर. फरक दिसला तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. नाही दिसला तर मात्र दार बंद होत नाही, ही चाचणी बऱ्याच बऱ्या होऊ शकणाऱ्यांना चुकवते. मग भरती करून पाठीत बारीक नळी ठेवतात, तासाला साधारण 10 मिलि असं तीन दिवस पाणी काढून पुन्हा चालवतात.

दाबाचं म्हणाल, तर 'नॉर्मल' म्हणजे सुई घातली त्या क्षणी मोजलेला आकडा. पोकळ्या फुगल्या की त्यांच्या कडेने जाणारे तंतू ताणले जातात, आणि पाय व मूत्राशयाकडे निघालेले तंतू तिथूनच वळतात. ते ताणलेले असतात, सगळेच मेलेले नसतात. ताण उतरला की चाल सुधारते ती म्हणूनच. नेमकं काय घडतं याबद्दल अजून मतभेद आहेत. पण उशीर झाला की कमी परत मिळतं, आणि सोबत अल्झायमर असेल तर स्मरणशक्ती फारशी येत नाही.

प्राजक्ता_क
चाचणी झाली. आधी 26 सेकंद, 38 पावलं. चार तासांनी 19 आणि 29, आज सकाळी 20 आणि 30. वळताना चारच पावलं! लघवी तशीच. डॉक्टर शंट म्हणतात. धोका काय?

मज्जारज्जू
26 चे 19 म्हणजे छान फरक. मेंदूतून पोटात नळी जाते, मध्ये झडप असते. बाहेरून चुंबकाने सेटिंग बदलता येणारी झडप मागा. पाणी जास्त निघालं तर मेंदूभोवती रक्त साठू शकतं. म्हणून सुरुवातीला झडपेच्या दाबाचं सेटिंग वर, म्हणजे पाणी कमी निघेल असं, ठेवून हळूहळू खाली आणतात. उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर त्याच दिवशी फोन करा. ताप, किंवा चाल पुन्हा बिघडणं, म्हणजे जंतुसंसर्ग किंवा नळी तुंबणं. पुढे कधी एमआरआय झाला तर झडपेचं सेटिंग नंतर तपासून घ्या, काही झडपांचं बदलतं.

प्राजक्ता_क
बाबांना दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय. चाचणीसाठी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी सात दिवस आधीच बंद केली होती. शंटनंतर ती पुन्हा कधी सुरू करायची यावर दोन्ही डॉक्टरांचं अजून जमत नाहीये.

मज्जारज्जू
ते इथे ठरणार नाही. दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा आणि तारीख लिहून घ्या. तोवर गोळीबद्दल हृदयाचे डॉक्टर सांगतील तसंच.