सिमेंट ग्राऊट की इपॉक्सी: टाइल्सच्या सांध्यांचे आपापले अनुभव सांगा

आमच्या डोंबिवलीच्या घरातील ओट्यामागच्या टाइल्सचे सांधे 11 वर्षांपूर्वी मिस्त्रींनी पांढऱ्या सिमेंटमध्ये रंगाची पावडर कालवून भरले होते. शेगडीच्या मागे फोडणीचे शिंतोडे रोज उडत असल्यामुळे तेथील हातभर पट्टा आधी पिवळा आणि मग तपकिरी झाला. ब्रशने घासल्यावर वरचा थर निघे, पण तेल सांध्याच्या आत मुरलेले असल्याने दोन दिवसांत डाग पुन्हा वर येत असे. दिवाळीपूर्वी मी तेवढी भिंत खरवडून इपॉक्सी भरून घेतली. बाथरूमचे काम अजून व्हायचे आहे, म्हणून हा धागा काढला. आपण कोणते ग्राऊट वापरले, काम करताना किती वेळ हाती मिळाला आणि वर्षा-दोन वर्षांनी सांधे कसे दिसतात, हे कृपया सविस्तर लिहावे.

माझ्या कामाचा तपशील असा. भिंत 3 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर उंच, टाइल 300 बाय 600 मिलिमीटरची, सांधा 3 मिलिमीटर रुंद. सुमारे 400 ग्रॅम माल लागला, म्हणजे 1 किलोच्या संचातील निम्म्याहून अधिक उरला. मिस्त्रींनी रेझिन आणि हार्डनर अंदाजाने ओतायला घेतले तेव्हा मी त्यांना थांबवून माझा स्वयंपाकघरातील वजनकाटा दिला. त्या काट्याचा किती उपयोग झाला, हे नंतर समजले, कारण शेजारच्या घरी अंदाजाने कालवलेले ग्राऊट महिन्यानंतरही नखाने दाबले तर खोल जाते.

लादीकाम 22 वर्षे, नागपूर

ताई, वजन केलेत हे फार योग्य झाले. रेझिन आणि हार्डनर यांचे डब्यावर छापलेले प्रमाण चुकले तर ते ग्राऊट कधीच पुरते कडक होत नाही, आणि मग सगळे खरवडून काढण्यावाचून इलाज उरत नाही. तिसरी पिशवी भरडीची असते. ती चिमूटभर कमी पडली तरी चालते, माल फक्त थोडा पातळ होतो.

वेळेबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण इपॉक्सीची बहुतेक कामे तेथेच बिघडतात. सिमेंटचे ग्राऊट कालवून पाच-दहा मिनिटे मुरू दिले आणि पुन्हा ढवळले की तास-दीड तास आरामात काम करता येते. इपॉक्सीत पाणी सुकण्याचा प्रश्नच नसतो. दोन द्रवांची आपसांत क्रिया होऊन उष्णता सुटते आणि त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते. थंडीत जो माल पाऊण तास टिकतो, तो आमच्याकडे मे महिन्यात 20 मिनिटेही टिकत नाही. एकदा माझ्या हाताखालच्या मुलाने पूर्ण संच बादलीत कालवला आणि तो चहाला गेला. परत आला तेव्हा बादली हाताला चटका देत होती आणि माल थापीला ढिम्म हलत नव्हता. तेव्हापासून आम्ही कालवलेला माल बादलीत ठेवत नाही, लगेच टाइलच्या तुकड्यावर पातळ पसरून ठेवतो. ढीग नसला की उष्णता साठत नाही. उन्हाळ्यात काम सकाळी सातला सुरू करतो आणि डबे आदल्या रात्री घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवतो.

दुसरी मुदत पुसण्याची. सांधा भरल्यावर साधारण 15 ते 20 मिनिटांत ओल्या पॅडने गोल फिरवून टाइलवरचा माल सैल करायचा आणि स्पंजने उचलायचा. पाणी दर थोड्या वेळाने बदलायचे. त्याच पाण्याने पुसत राहिले तर टाइलवर चिकट पापुद्रा बसतो, जो दुसऱ्या दिवशी ढगाळ दिसतो आणि धूळ पकडतो. "इपॉक्सी वर्षभरात काळे पडले" अशी तक्रार आली की मी आधी तो पापुद्रा पाहतो. पुष्कळदा सांधा स्वच्छ असतो आणि कडेची टाइल मळलेली असते.

कोथरूड, तिसरा मजला

आमच्या बाथरूममधून खालच्या घरात ओल जात होती. आम्ही सर्व सांधे इपॉक्सीने भरले आणि ओल थांबली. म्हणून मी सर्वांना सांगतो की वॉटरप्रूफिंगचा खर्च करण्याऐवजी इपॉक्सी भरावे.

लादीकाम 22 वर्षे, नागपूर

साहेब, तुमच्याकडे पाणी उघड्या सांध्यांतूनच जात असेल तर गुण येणे शक्य आहे. पण पाणी नहाणी ट्रॅपच्या कडेने, भिंतीतल्या पाइपातून किंवा जमीन व भिंत मिळते त्या कोपऱ्यातूनही उतरते, आणि त्यावर सांध्यातील इपॉक्सीचा काही इलाज नाही. कोपऱ्यात तर इपॉक्सी भरूच नये. तेथे हालचाल होते, कडक माल तडकतो आणि सिलिकॉनसारखे लवचिक सीलंटच टिकते. पुढचा पावसाळा जाऊ द्या, मग आपण पुन्हा बोलू.

कोथरूड, तिसरा मजला

कोपरे आम्हीही इपॉक्सीनेच भरले आहेत. एका ठिकाणी केसासारखी रेघ दिसते आहे खरी. लक्ष ठेवतो.

चिपळूणची सासुरवाशीण

माझा अनुभव सिमेंटच्या बाजूचा आहे. आमच्या बाथरूमचे सांधे सिमेंटचे असून सात वर्षांनीही शाबूत आहेत. भरल्यावर तीन दिवस त्यांना पाणी मारले होते आणि पुरते वाळल्यावर वरून सीलर लावला होता, जो मी दोन वर्षांनी पुन्हा लावते. शेजारच्या वहिनींकडे त्याच मिस्त्रींनी त्याच पोत्यातील माल भरला होता, परंतु त्या दर आठवड्याला संडास धुण्याचे ॲसिड फरशीवर ओततात. त्यांचे सांधे आता टाइलच्या खाली इतके गेले आहेत की बोट फिरवले तर खाच जाणवते. ॲसिड सिमेंटला खाते. वहिनींना ॲसिड सोडवणारच नसेल तर त्यांनी इपॉक्सी भरावे, असे माझे मत आहे.

नवे घर, नाशिक

आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे आणि सिंकच्या कडेला फट पडून लाकूड फुगले आहे. तेथे कोणते ग्राऊट चालेल?

धागाकर्ती

ती फट टाइलच्या सांध्याची नसल्याने तेथे दोन्ही ग्राऊट उपयोगाची नाहीत, असे मला वाटते. सिंक आणि दगड यांच्यामध्ये सीलंटच भरावे लागेल. आधी लाकूड पुरते वाळू द्यावे.

पणजी, दोनदा काम केलेला

जुन्या सांध्यांवर इपॉक्सी भरणाऱ्यांसाठी लिहितो. पहिल्या वेळी मिस्त्रींनी जुने सिमेंट जेमतेम मिलिमीटरभर खरवडले आणि वर इपॉक्सी ओढले. आठ महिन्यांत ते रिबिनीसारखे लांबच लांब सुटून आले. त्याच्या पाठीला सिमेंटची पूड चिकटलेली होती. दुसऱ्या वेळी टाइलच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत सांधे मोकळे केले, धूळ व्हॅक्यूमने ओढली आणि चार दिवस बाथरूम वापरले नाही, कारण आत ओल राहिली तर इपॉक्सी धरत नाही. त्याला आता तीन वर्षे झाली. खरवडण्याची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा अधिक पडली.

एका बाबतीत मात्र माझे समाधान झालेले नाही. हळदीचा डाग फिक्या इपॉक्सीवरही पडतो. तो सिमेंटसारखा आत मुरत नाही आणि लगेच पुसला तर निघतो, पण रात्रभर राहिला की पिवळी छटा उरते.

धागाकर्ती

माझ्याकडेही तशी छटा आली होती. ओट्यासमोरच्या खिडकीतून सकाळचे ऊन येते, आणि ते जेथे पडते तेथील पिवळेपणा आठवड्याभरात गेला, कारण हळदीचा रंग उन्हात विटतो. फ्रिजच्या बाजूला, जेथे ऊन पोहोचत नाही, तेथे तो अजून आहे.

लादीकाम 22 वर्षे, नागपूर

त्याच उन्हाने पांढरे इपॉक्सी वर्षानुवर्षे पिवळटही पडते, म्हणून खिडकीजवळ मी राखाडी रंगच सुचवतो. आता बाथरूमकडे वळू. तुमच्या तेथील टाइल गुळगुळीत आहेत की खरबरीत? खरबरीत असतील तर उरलेल्या मालापैकी थोडा एका सुट्या तुकड्यावर लावून, 20 मिनिटांनी पुसून पाहा. रंग खळग्यांत राहिला तर तेथे सिमेंटचा विचार करावा.

धागाकर्ती

खरबरीतच आहेत. माळ्यावर चार टाइल्स शिल्लक आहेत. रविवारी करून पाहते आणि येथे लिहिते.